पेणची भुवई, रोह्याचा पूल

पेण स्टेशनवरून रिक्षाने गावात शिरलो तेव्हा मिरग तोंडावर आला होता. गणपतीच्या कारखान्यांच्या दारांतून अजून रंग न लागलेल्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगा दिसत होत्या. हमरापूर-जोह्याकडचे मोठे कारखाने बाजूला ठेवून मी गावातल्या एका लहान कारखान्यात गेलो. तिथे शाडूच्या मूर्तींची डोळ्यांची आखणी अजून हातानेच होते. कुंचल्याच्या एका ओघात उतरलेली भुवईची रेषा मला जवळून टिपायची होती. ही रेषा इतकी बारीक असते की कॅमेरा किंचित थरथरला तरी ती फोटोत जाड आणि मऊ होऊन जाते.

खिडकीजवळ मूर्ती ठेवली होती. १०० मिमी मॅक्रो लेन्स, आयएसओ १००, एफ/८; प्रकाशमापक १/८ सेकंद सांगत होता. आयएसओ वाढवून वेळ कमी करता आला असता, पण मग शाडूवरच्या रंगाचा पोत दाणेदार झाला असता. कॅमेरा ट्रायपॉडवरच होता. पायांचे जाड भाग आधी उघडले होते, मधला दांडा पूर्ण खाली होता, लेन्समधलं स्थिरीकरण बंद केलं होतं आणि गळ्याचा पट्टा काढून ठेवला होता. बटणाला बोटाचा धक्का नको म्हणून केबल रिलीज लावली होती. पहिला फोटो नेहमीच्या पद्धतीने, आरसा मोकळा ठेवून मुद्दाम काढला. ही पद्धत आणि आरसा आधीच वर करून ठेवायची पद्धत, या दोन पद्धतींतला फरक मला त्याच भुवईवर पाहायचा होता.

मागच्या पडद्यावर फोटो पूर्ण मोठा केला. भुवईच्या आडव्या रेषेखाली तिचीच फिकट सावली होती, पण मुकुटावरच्या उभ्या सोनेरी रेघा धारदार होत्या. हा फरकच निदान सांगतो. फोकस चुकला असता तर उभ्या-आडव्या दोन्ही रेषा सारख्याच मऊ झाल्या असत्या. फक्त आडव्या रेषा दुहेरी दिसल्या, म्हणजे कॅमेरा वर-खाली हलला. एसएलआर कॅमेऱ्यात वर-खाली सगळ्यात जोरात हलणारा भाग म्हणजे आरसा. शटर उघडण्याच्या क्षणभर आधी तो झटक्याने वर जाऊन आपटतो आणि त्याचा कंप कॅमेऱ्यातून ट्रायपॉडमध्ये उतरतो. कॅमेरा उभा धरला की आरसा आडवा आपटतो, आणि मग उभ्या रेषा बिघडतात.

यावरचा उपाय म्हणजे मिरर लॉकअप. काही कॅमेऱ्यांत तो मेनूत सापडतो, काहींत डायलवर Mup अशी खूण असते. केबल रिलीजचं बटण पहिल्यांदा दाबलं की फक्त आरसा वर जातो आणि व्ह्यूफाइंडर काळा होतो. मग दोन-तीन सेकंद थांबायचं, कंप विरू द्यायचा. दुसऱ्यांदा दाबलं की शटर उघडतं. केबल नसेल तर काही कॅमेऱ्यांत आरसा वर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावला तरी हेच साधतं. आरसा वर ठेवण्याची सोय मूळ वेगळ्याच गरजेतून आली होती. १९५९ च्या निकॉन एफ कॅमेऱ्यावर २१ मिमीची लेन्स लावली की तिचा मागचा भाग आरशाच्या जागेत घुसायचा, म्हणून आरसा आधीच वर करावा लागे.

लॉकअप लावून मी आरसा वर केला आणि दुसऱ्यांदा बटण दाबणार, इतक्यात पायाखालची जमीन घुमू लागली. शेजारच्या खोलीत रंगाच्या फवाऱ्यासाठी हवेचा कॉम्प्रेसर सुरू झाला होता. मूर्तिकार काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि आत हाक दिली, “पोरांनो, जरा थांबवा रे तो!” मग मला म्हणाले, “आमचंही तसंच आहे बघा. डोळे आखताना तो चालू असला की हात नाही ठरत.” कॉम्प्रेसर बंद झाल्यावर मी थोडा वेळ जाऊ दिला आणि मग फोटो घेतला. या खेपेला भुवईची रेषा एकेरी आली, रंगातला कुंचल्याच्या केसांचा मागही दिसत होता.

संध्याकाळच्या गाडीने रोह्याला निघालो. खिडकीतून कासू गेलं, नागोठणे गेलं. डोक्यात एकच विचार चालू होता, की लॉकअप नेमका कुठे लागतो? आरशाचा कंप साधारण एक-दशांश सेकंदात ओसरतो असं धरू. १/८ सेकंदाच्या फोटोत म्हणजे जवळजवळ सगळा वेळ तो कंप असतो. तोच फोटो ८ सेकंदांचा असला तर कंपाच्या वाट्याला आलेला प्रकाश ऐंशीतला एक भाग, म्हणजे डोळ्याला कळणारही नाही. १/५०० सेकंदात तर कॅमेऱ्याला हलायला पुरेसा वेळच मिळत नाही. धोका साधारण १/६० ते १ सेकंद या पट्ट्यात असतो. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत प्रश्न निम्मा मिटतो, पण शटरच्या पडद्याचा झटका राहतो. तिथे पडद्याची सुरुवात इलेक्ट्रॉनिक ठेवायची सोय शोधावी.

रोह्यात कुंडलिकेच्या पुलावर पोचलो तेव्हा सूर्य मावळून गेला होता. भिऱ्याच्या टाटांच्या वीजकेंद्रातून पाणी सुटतं, म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहती असते. कोलाडचं राफ्टिंगही त्याच पाण्यावर चालतं. अष्टमीच्या बाजूचे दिवे पाण्यात उतरले होते. एफ/११, आयएसओ १००, ३० सेकंद. गाडीतल्या हिशोबाप्रमाणे इथे आरशाची भीती नव्हती, भीती होती ती पुलाची. धाटावच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणारे ट्रक पुलावर आले की कठड्यावर ठेवलेल्या बाटलीतलं पाणी थरथरत होतं. लाइव्ह व्ह्यू मोठा करून लांबच्या एका दिव्यावर लावला, तर ट्रक पुढे गेल्यावरही तो काही सेकंद नाचतच राहिला. ज्या जमिनीवर ट्रायपॉड उभा आहे तीच हलत असेल तर ट्रायपॉड ते हलणं कॅमेऱ्यापर्यंत पोचवण्याचंच काम करतो. जड ट्रायपॉड घेऊनही इथे काही बदललं नसतं.

तरी हवा असलेला कोन पुलावरूनच मिळत होता. शटर बल्बवर ठेवून केबलची कळ अडकवली आणि हातात काळा पुठ्ठा धरला. ट्रकचे दिवे वळणावर दिसले की पुठ्ठा लेन्सला न टेकवता तिच्यापुढे धरायचा, बाटलीतलं पाणी शांत झालं की काढायचा, आणि झाकलेले सेकंद मोजणीतून वगळायचे. पूल थरथरून पुन्हा जागच्या जागी येतो, त्यामुळे आधीचा आणि नंतरचा प्रकाश एकमेकांवर नीट बसतो. उघड्या लेन्सचे ३० सेकंद भरायला बराच जास्त वेळ लागला, पण दिव्यांचे ठिपके ठिपकेच राहिले.

मग काठावर उतरलो. इथे जमीन स्थिर, पण वारा सुटलेला. ट्रायपॉडचे पाय पाण्यात ठेवले नाहीत, कारण वाहतं पाणी त्यांना सतत ढकलत राहतं. वाळूत पाय आधी जोर लावून रुतवले, नाहीतर ते फोटो चालू असताना हळूहळू खचतात. पिशवी मधल्या दांड्याला लटकवली, पण तिचा तळ जमिनीला टेकवूनच, कारण अधांतरी पिशवी वाऱ्यात झुलते आणि तो झोका कॅमेऱ्यापर्यंत पोचतो. लोंबणारी केबल रबर लावून पायाला बांधली आणि मागून येणारा रस्त्याचा उजेड आत जाऊ नये म्हणून व्ह्यूफाइंडर झाकला. झुळूक ओसरल्यावर कळ दाबली आणि पुन्हा ३० सेकंद. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा पलीकडचे दिवे स्वच्छ होते, काठावरच्या झाडांची पानं मात्र वाऱ्याने पुसली गेली होती. ती स्थिर हवी असतील तर वारा पडेपर्यंत थांबावं लागणार होतं.