बारा रुपयांचा फरक आणि अण्णांचा विद्यार्थी

आज जरा मोठं लिहितोय. घरातलीच गोष्ट आहे, पण फोनवरून शेअर विकणारे आई-वडील ज्यांच्या घरी आहेत त्यांच्या उपयोगाची आहे.

माझे वडील, अण्णा, निवृत्त शिक्षक. तालुक्याच्या गावी राहतात. पंधरा-वीस वर्षांपासून त्यांच्याकडे थोडेफार शेअर आहेत. मोबाईलवरच्या अ‍ॅपवर त्यांचा विश्वास नाही, म्हणून ते ब्रोकरच्या गावातल्या ऑफिसात फोन करतात. फोन घेणारा मुलगा त्यांचाच जुना विद्यार्थी. ‘सर’ म्हणतो, सणाला पाया पडायला येतो. अण्णा ऑफिसच्या नंबरवर फोन करतच नाहीत, थेट त्याच्या खाजगी मोबाईलवर करतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पैसे लागणार होते. अण्णांनी एका छोट्या कंपनीचे ६०० शेअर विकायचे ठरवले. सकाळी भाव ४१२ रुपये ५० पैसे दिसत होता. त्यांनी फोन करून सांगितलं, “सहाशे विकायचेत, चारशे बाराच्या खाली देऊ नकोस.” पलीकडून “हो सर” आलं. फोन संपला.

संध्याकाळी ईमेलवर कॉन्ट्रॅक्ट नोट आली. सरासरी भाव ४०६ रुपये ८७ पैसे. अण्णांनी मला फोन केला आणि म्हणाले, “अरे, मी चारशे बारा म्हणालो होतो. का माझंच काहीतरी चुकलं?”

त्या शेवटच्या वाक्याने माझं डोकं फिरलं. आयुष्यभर मुलांची बेरीज-वजाबाकी तपासलेला माणूस आपल्याच स्मरणशक्तीवर शंका घेत होता.

रात्री बसून मी तक्रारीचं पत्र लिहिलं. एकदम कडक. ‘वृद्ध ग्राहकाची फसवणूक’, ‘विश्वासघात’, ‘कायदेशीर कारवाई’. भरपाई मागितली ६,६७९ रुपये, कारण त्या दिवशी भाव ४१८ पर्यंत गेला होता आणि मी तिथून हिशोब केला. दोन दिवसांनी तीन ओळींचं उत्तर आलं : व्यवहार ग्राहकाच्या सूचनेनुसार बाजारभावाने झाला, भावातील चढउतारांना कंपनी जबाबदार नाही.

रागाच्या पत्राला असंच उत्तर येतं, कारण त्यात उत्तर देण्यासारखं काही नसतंच. मग मी कॉन्ट्रॅक्ट नोट पुन्हा उघडली. पहिल्या पानावरची सरासरी सोडली आणि पुढच्या पानावरचा व्यवहारवार तपशील वाचला. तिथे प्रत्येक व्यवहारापुढे ऑर्डर क्रमांक, ऑर्डरची वेळ, ट्रेड क्रमांक, ट्रेडची वेळ, संख्या आणि भाव असतो. आपण सहसा तिथवर जातच नाही.

त्या पानावर पाच ओळी होत्या. पाचही ओळींत ऑर्डर क्रमांक एकच, वेळही एकच : १० वाजून ४३ मिनिटं, सेकंदसुद्धा तोच. भाव मात्र पायऱ्यांसारखे खाली उतरलेले. ८० शेअर ४१२.२० ला, १२० शेअर ४११ ला, १५० शेअर ४०८.५० ला, १५० शेअर ४०४ ला आणि शेवटचे १०० शेअर ३९९.५० ला.

या पाच ओळींतच सगळं आलं. ऑर्डर दोन प्रकारे टाकता येते. लिमिट ऑर्डरमध्ये आपण भाव लिहून देतो. विकताना ४१२ ची लिमिट टाकली, तर एक्स्चेंजची यंत्रणा ४१२ च्या खाली एकही शेअर देत नाही. गिऱ्हाईक नसेल तर ऑर्डर तशीच पडून राहते. मार्केट ऑर्डरमध्ये भाव लिहायचा नसतो, समोर जो भाव मिळेल त्याला माल जातो. मोठ्या कंपनीत याने फार फरक पडत नाही, कारण खरेदीदारांची रांग लांब असते. आमच्या शेअरला रांगच तोकडी होती. वरचा खरेदीदार ८० घेऊन संपला, पुढचा १२० घेऊन संपला, आणि एका क्षणात ऑर्डर जिना उतरत तळाला गेली.

म्हणजे शेवटचे ५२० शेअर ज्या भावांना गेले, ते ४१२ ची लिमिट टाकली असती तर अशक्य होते. बाजार पडला म्हणून असं झालं, हे म्हणणं टिकतच नव्हतं. ऑर्डरमध्ये लिमिट टाकलीच नव्हती, हे त्यांच्याच कागदावरून सिद्ध होत होतं. प्रश्न एवढाच उरला की लिमिट नको असं अण्णा म्हणाले होते का?

दुसरं पत्र लिहायला बसलो तेव्हा अण्णांनी थांबवलं. “त्या पोराचं नाव घालू नकोस. दोन लेकरं आहेत त्याला.” मी म्हटलं, नाव घालत नाही, पण फोन कुठल्या नंबरवर केला ते लिहावं लागेल. अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “खरं असेल ते लिही. जास्त एक अक्षर नको.”

अडचण दोन्हीकडून होती. सेबीच्या २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा हातात असल्याशिवाय ब्रोकरने व्यवहार करायचाच नाही. सहीचा कागद, फोनचं रेकॉर्डिंग, ईमेल, मेसेज, काहीही चालेल. फोनवर ऑर्डर घेत असतील तर रेकॉर्डिंग सक्तीचं आहे. आणि वाद झाला तर पुरावा देण्याची जबाबदारी ब्रोकरवर येते. खाजगी मोबाईलवरच्या फोनचं रेकॉर्डिंग कंपनीकडे असणार कुठून? त्यामुळे आमची बाजू भक्कम होती, पण ती भक्कम होती त्या पोराच्या चुकीमुळेच. आमच्याकडेही तसं फार काही नव्हतं. अण्णांच्या मोबाईलमध्ये १० वाजून ४१ मिनिटांच्या कॉलची नोंद होती, पण त्यातून फोन झाला एवढंच कळतं, बोलणं काय झालं ते नाही.

मग रकमेचा हिशोब नव्याने केला. ४१८ अण्णांनी मागितलेच नव्हते, तेव्हा तो आकडा गेला. पहिले ८० शेअर ४१२.२० ला गेले, म्हणजे त्यात नुकसान काहीच नाही. तक्रार उरली ती ५२० शेअरची. १२० शेअरवर एक रुपया, १५० वर साडेतीन, १५० वर आठ आणि १०० वर साडेबारा. एकूण ३,०९५ रुपये. ६,६७९ वरून थेट इथे आलो.

अजून एक गोष्ट तपासायची होती, आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची. लिमिट टाकली असती तर ते ५२० शेअर ४१२ ला खरंच विकले गेले असते का? त्या दिवशी भाव पुन्हा तिथवर आलाच नसता, तर शेअर अण्णांकडेच राहिले असते आणि ३,०९५ रुपयांचं नुकसान झालं असं म्हणता आलं नसतं. मिनिटामिनिटाचा तक्ता बघितला. ११ वाजून १० मिनिटांनी भाव ४१२ च्या वर परत आला आणि १२ वाजेपर्यंत ४१३ ते ४१५ मध्ये राहिला. तेवढ्या वेळात काही हजार शेअरची उलाढाल झाली होती. ५२० सहज गेले असते.

पत्र एका पानाचं झालं. त्याचा गाभा असा :

“खाते क्रमांक, तारीख आणि कॉन्ट्रॅक्ट नोट क्रमांक वर दिला आहे. माझ्या वडिलांनी १०.४१ वाजता आपल्या ऑफिसातील कर्मचाऱ्याच्या मोबाईलवर फोन करून ६०० शेअर ४१२ रुपयांच्या खाली न विकण्याची सूचना दिली. सोबतच्या कॉन्ट्रॅक्ट नोटनुसार एकाच ऑर्डर क्रमांकाखाली १०.४३ वाजता पाच व्यवहार झाले व त्यातील ५२० शेअर ४१२ च्या खाली विकले गेले. ४१२ च्या लिमिट ऑर्डरमध्ये हे शक्य नाही. कृपया (१) या ऑर्डरची नोंद, त्यातील ऑर्डरच्या प्रकारासह, द्यावी. (२) मार्केट ऑर्डर टाकण्याची सूचना ग्राहकाने दिल्याचा आपल्याकडील पुरावा द्यावा. (३) तो नसल्यास ३,०९५ रुपये खात्यात जमा करावेत. हिशोब सोबत जोडला आहे. समाधान न झाल्यास सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार नोंदवू.”

‘फसवणूक’ हा शब्द नाही, विशेषण एकही नाही. व्यवहार रद्द करा असंही म्हटलं नाही, कारण पलीकडे ज्याने शेअर घेतले त्याचा यात काही दोष नव्हता. भांडण भावाच्या फरकाचं, आणि ते ब्रोकरशीच. स्कोअर्सवर तक्रार गेली की कंपनीला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि ते ब्रोकरच्या लोकांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

बाराव्या दिवशी मुख्य ऑफिसातून फोन आला. ऑर्डर मार्केट प्रकारचीच होती आणि तशी सूचना दिल्याचा पुरावा त्यांच्याकडे नव्हता. आठवड्याने ३,०९५ रुपये जमा झाले.

मधल्या काळात तो मुलगा घरी येऊन गेला. कंपनीने त्याला विचारलं तेव्हा त्याने लिहून दिलं होतं की सरांनी ४१२ सांगितले होते. तीन फोन एकदम चालू होते, भावाचा रकाना भरायचा राहिला आणि ऑर्डर मार्केटमध्ये गेली. अण्णांनी विचारलं, “पैसे तुझ्या पगारातून कापले का रे?” त्याने चहाचा कप ठेवला आणि आईच्या डोळ्याची चौकशी केली. उत्तर काही दिलं नाही. अण्णांनी पुन्हा विचारलं नाही.

आता अण्णा ऑफिसच्या रेकॉर्डिंगवाल्या नंबरवरच फोन करतात. वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात कंपनीचं नाव, संख्या आणि ‘लिमिट ऑर्डर, भाव अमुक’ असं सांगतात आणि मग म्हणतात, “आता तू म्हणून दाखव.” पलीकडून तोच पोरगा पाठ म्हटल्यासारखं सगळं परत म्हणतो. संध्याकाळी कॉन्ट्रॅक्ट नोट आली की अण्णा पहिलं पान उलटून थेट दुसऱ्या पानावर जातात.