पंपाचा दर की एकराचा?

सोमवार ते शुक्रवार मी घरी बसून कोड लिहितो. शनिवार-रविवार पाठीवर सोळा लिटरचा बॅटरी पंप घेऊन शेजाऱ्यांच्या सोयाबीनवर औषध मारतो. आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या कडेला, कडेगाव तालुक्यात. पलीकडची काही रानं सातारा जिल्ह्यातली. पहिला प्रश्न दोन्हीकडे एकच असतो, "पंपाला किती घेणार?"

मजुरी पंपावर ठरली की मारणाऱ्याला जास्त पंप व्हावेसे वाटतात. एकरावर ठरली की भरभर चालून उरकावंसं वाटतं. दोन्हींत औषधाचं प्रमाण बिघडतं, कारण मात्रा असते क्षेत्राला आणि आपण ती मोजतो पंपाला.

म्हणून मी आधी एक गुंठा मोजतो, म्हणजे 33 फूट बाय 33 फूट. पंपात साधं पाणी भरून नेहमीच्या चालीने मारतो आणि किती पाणी संपलं ते बघतो. पाच लिटर संपलं, तर चाळीस गुंठ्यांना दोनशे लिटर, म्हणजे साडेबारा पंप. औषधाची मात्रा एकरी 60 मिली असेल, तर पंपाला जेमतेम पाच मिली. तेच पाच मिली घालून कुणी आठ पंपांत एकर उरकला, तर रानात पडलं फक्त 40 मिली. अळी मरत नाही, दोष दुकानदारावर जातो आणि पुढच्या खेपेला डोस वाढतो.

पंपाला पन्नास रुपये धरले, तर एकराचे 625. मी पंप आधी मोजून पैसे एकराचे ठरवतो. बॅटरी उतरली की दाब कमी होऊन थेंब जाड पडतात. तेव्हा थांबायचं, हळू चालून भागवायचं नाही.

वेळ ठरलेली: दव वाळल्यापासून दहापर्यंत, नाहीतर चारनंतर, वारा पाठीशी घेऊन.

"ढग आलंय, दुपारीच उरक की रं," आबा म्हणतात.

"आबा, पाऊस आला तर औषध धुऊन जाईल. आणि ह्या उकाड्यात हातमोजे कोण ठेवतंय अंगावर?"

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. तिथे कापूस डोक्याएवढा वाढलेला, फवारा वर मारावा लागे आणि तुषार तोंडावर येत. सोयाबीन कमरेखालीच असतं, म्हणून आपण निर्धास्त राहतो. इथे विष दुसऱ्या वाटांनी येतं: औषध कालवताना हातांतून, ओल्या पानांनी भिजलेल्या पँटमधून, टाकीच्या झाकणातून पाठीवर. म्हणून कालवण्याआधीच रबरी हातमोजे, डोळ्यांना गॉगल, गमबूट आणि पँट बुटाच्या बाहेर. झाकणाचं वायसर रोज तपासायचं. तोंडाला रुमाल नको. तो भिजतो आणि औषध नाकाशीच धरून ठेवतो. मास्क हवा.

डोकं दुखलं, मळमळलं, अंधुक दिसलं, तोंडाला लाळ सुटली, की पंप खाली. कपडे काढायचे, साबणाने अंग धुवायचं, आणि दवाखान्यात जाताना औषधाची बाटली सोबत न्यायची. लेबल वाचल्यावरच डॉक्टरला कळतं, कशावर उपचार करायचे ते.