हुलग्याचे कढण

नेसरीत ज्याला हुलगा म्हणतात, तोच घाट उतरताच कुळीथ होतो. आयुर्वेदात अश्मरीवर सांगितलेला कुलत्थही हाच. अर्धी वाटी हुलगे निवडून रात्रभर भिजवावेत, चार वाट्या पाण्यात बोटाने चिरडेपर्यंत शिजवावेत; मग जिरे-लसणाची फोडणी, आमसूल, मीठ. वजनासाठी घेताना आम्ही दाणे गाळून टाकत नाही, घोटून कढणातच ठेवतो. पोट भरते ते त्यांतील प्रथिनांनी व तंतूंनी. मुतखड्यात बारीक खडा वाहून जाण्यास पोटात गेलेल्या पाण्याचीच मुख्य मदत. मोठा खडा कढणाने विरघळेल, असे मानू नये. आम्लपित्त, वाढलेले युरिक आम्ल किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. कळांबरोबर ताप आला वा लघवी अडली, तर कढण चुलीवरच सोडून रुग्णालय गाठावे.