‘माल अडकलाय’ म्हणजे नेमका कुठे?

माझा भाचा मस्जिद बंदरला सुक्या मेव्याचा व्यापार करतो. यंदा त्याने दोन भागीदारांसोबत इराकहून जाहिदी खजुराचा एक कंटेनर मागवला. माल न्हावाशेवाला उतरला आणि तिथेच थांबला. रमजानला चार आठवडे उरले होते. खजुराचा खरा हंगाम हाच. रोजे संपल्यावर तोच माल गोदामात पडून राहतो आणि उसनवारीचं ओझं वाढत जातं.

भाच्याने क्लिअरिंग एजंटशी दोन दिवस मोबाइलवर चाललेलं बोलणं मला दाखवलं. म्हणाला, “मामू, तुम्ही लिहिणारे आहात, यातून काही कळतंय का बघा.” एजंटचे शब्द असे होते : “फूडवाल्यांनी रोखलंय. लेबलचा लोचा आहे. पेपर सगळे दिलेत. एकवीस टन आहे ना? दोन दिवसांत होईल, शेठ.”

यात खोटं काही नव्हतं, पण हाती धरता येईल असंही काही नव्हतं. ‘कस्टमने अडवलं’ असं आपण सरसकट म्हणतो, पण कंटेनर थांबवणारे हात वेगवेगळे असतात. कस्टम अधिकाऱ्याला किंमत किंवा वर्गीकरणाबद्दल शंका असते. अन्नसुरक्षा खात्याची ना-हरकत बाकी असते. वनस्पती संगरोधाची, म्हणजे कीड-रोग तपासणीची, मोकळीक आलेली नसते. नाहीतर जहाज कंपनीने डिलिव्हरी ऑर्डरच दिलेली नसते. प्रत्येक ठिकाणी लागणारा कागद वेगळा. म्हणून पहिला प्रश्न ‘कधी सुटेल’ हा नाही, तर ‘कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या लेखी शेऱ्याने थांबवलं’ हा आहे.

मग आम्ही एका कागदावर तीन रकाने आखले. पहिल्यात कागदपत्राचा आधार असलेल्या गोष्टी, दुसऱ्यात एजंटच्या नुसत्या तोंडच्या, तिसऱ्यात बोलण्यात आलेल्याच नाहीत अशा. ‘दोन दिवसांत होईल’ दुसऱ्यात गेलं. बिल ऑफ एंट्रीचा क्रमांक तिसऱ्यात, कारण एवढ्या संदेशांत तो एकदाही नव्हता!

‘एकवीस टन’ही तपासावं लागलं. खोके 2,000, प्रत्येकात 10 किलो खजूर. म्हणजे इन्व्हॉइसवर निव्वळ वजन 20,000 किलो. रिकामा खोका अर्ध्या किलोचा, म्हणून बिल ऑफ लेडिंगवर एकूण वजन 21,000 किलो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण कोणतं वजन ते न लिहिता नुसतं ‘21’ म्हटलं, तर वाचणाऱ्याला कागदांत तफावत दिसते आणि नवी शंका उभी राहते.

शेवटी एजंटला ईमेलने गेलेली विचारणा अशी होती :

1. ओळख : बिल ऑफ एंट्री क्रमांक व तारीख (आपण कळवावे), बिल ऑफ लेडिंग व कंटेनर क्रमांक सोबतच्या प्रतीप्रमाणे, बंदर न्हावाशेवा.
2. माल : मऊ खजूर, 2,000 खोके, निव्वळ 20,000 किलो, एकूण 21,000 किलो.
3. सोबत जोडले : इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, उत्पत्ती प्रमाणपत्र, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, आयातदाराचा अन्न परवाना, खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो.
4. प्रश्न : हरकत कोणत्या खात्याची? तिचा लेखी शेरा जसाच्या तसा पाठवावा. वरीलपैकी कोणता कागद त्या खात्याकडे कोणत्या तारखेला दिला?
5. जहाज कंपनीचे आणि यार्डाचे मोफत दिवस कोणत्या तारखेला संपतात? दोन्ही वेगवेगळे कळवावे.

कंटेनर क्रमांक हाताने न लिहिता प्रत जोडली, ती मुद्दाम. चार अक्षरं आणि सात अंक असतात. घाईत शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ टाइप झाला, की शोधणाऱ्याला तो सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी लेखी शेरा हाती आला : खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक नाही. म्हणजे ‘लेबलचा लोचा’ सुधारता येण्याजोगा होता. एवढ्या बाबी परवानगी घेऊन, कस्टमच्या ताब्यातल्या गोदामातच स्टिकर लावून भरता येतात. वापराची अंतिम तारीख छापलेली नसती तर स्टिकरने काम भागलं नसतं. ती छापलेली आहे हे फोटोत दिसत होतं, आणि मुदतही पुरेशी शिल्लक होती. (आयातीच्या वेळी एकूण मुदतीच्या 60 टक्के किंवा तीन महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढी मुदत उरलेली लागते.)

विचारणा नेमकी केली म्हणून माल सुटत नाही. स्टिकर छापणं, 2,000 खोक्यांवर ते चिकटवणं, पुन्हा तपासणी, हे सगळं करावंच लागतं. मात्र मोफत दिवस किती उरलेत हे ठाऊक असल्यामुळे मजूर दोन लावायचे की आठ, हे भाच्याला त्याच दिवशी ठरवता आलं. ‘दोन दिवसांत होईल’ यावर विसंबून ते ठरवता येत नव्हतं.