तक्रारीतील शेवटची ओळ

बँकेच्या नोकरीत ग्राहकांच्या तक्रारींचे अर्ज वाचणे हा माझ्या कामाचा नित्याचा भाग होता. अर्ज हातात आला की मी प्रथम त्याची शेवटची ओळ पाहत असे. बहुतेक अर्ज एकाच वाक्याने संपत : ‘तरी योग्य ती कार्यवाही करावी, ही विनंती.’ अशा अर्जावर निर्णय घेणे अवघड आणि तो निकाली काढणे मात्र फार सोपे असते. संबंधित कर्मचाऱ्याला समज दिली, तरी कार्यवाही झाली. दिलगिरीचे पत्र पाठवले, तरी कार्यवाही झाली. ग्राहकाचे पैसे मात्र होते तिथेच राहिले, तरी ‘कार्यवाही केली नाही’ असे त्याला म्हणता येत नसे.

आपल्या व्यापारी घरांत याच्या नेमके उलट शिक्षण लहानपणापासून मिळते. थकलेल्या उधारीचे पत्र लिहिताना कोणीही ‘योग्य ते करावे’ असे लिहीत नाही. बिल क्रमांक, तारीख, येणे रक्कम, व्याज आणि मुदत हे सारे त्यात असते. तोच माणूस घरासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार करताना मात्र झालेल्या त्रासाचे वर्णन दोन पाने करतो आणि मागणीच्या जागी ‘न्याय मिळावा’ एवढेच लिहितो.

गोंदियातील एका परिचित कुटुंबाचे उदाहरण देतो. त्यांनी मार्च महिन्यात 31,500 रुपयांचा फ्रीज घेतला. घरात वृद्ध आईचे इन्सुलिन असते, त्यामुळे फ्रीज ही त्यांच्या दृष्टीने चैनीची वस्तू नव्हती. ऐन मे महिन्यात त्याचे थंड होणे बंद पडले. कंपनीचा तंत्रज्ञ 4, 13 आणि 27 मे रोजी येऊन गेला. प्रत्येक वेळी चार-सहा दिवस फ्रीज चाले आणि पुन्हा बंद पडे. दरम्यान 2,340 रुपयांचे इन्सुलिन टाकून द्यावे लागले. कुटुंबाने कंपनीला सविस्तर पत्र लिहिले आणि शेवटी ‘त्वरित दखल घेऊन न्याय द्यावा’ अशी विनंती केली. उत्तर आले : ‘आपल्या तक्रारीची दखल घेऊन तंत्रज्ञ पाठवला आहे. तक्रार बंद करण्यात येत आहे.’

या उत्तरात खोटे काही नव्हते. मागणी मोघम असली की ती कशी पूर्ण करायची हे समोरचा ठरवतो, आणि साहजिकच तो स्वतःला सर्वांत स्वस्त पडणारा मार्ग निवडतो.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 39 मध्ये जिल्हा आयोग कोणते आदेश देऊ शकतो, हे सांगितले आहे. आपल्या विषयापुरते त्यांतले चार महत्त्वाचे : दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत व्याजासह परत करणे आणि नुकसानभरपाई देणे. पहिले तीन एकमेकांचे पर्याय आहेत. फ्रीज ठेवून पूर्ण किंमतही परत मागता येत नाही. चौथा मात्र त्यांपैकी कोणत्याही एकाच्या जोडीला मागता येतो. म्हणून पहिल्या तिघांतला एक निवडणे हे तक्रारदाराचे पहिले काम.

ही निवड रागाने करू नये, कारण प्रत्येक मागणीला वेगळा पुरावा लागतो. दुरुस्तीसाठी बिल, वॉरंटी कार्ड आणि बिघाडाची नोंद पुरते. वस्तू बदलून किंवा पैसे परत हवे असतील, तर दोष मूळचाच आहे, दुरुस्तीने जाणारा नाही, हे दाखवावे लागते. तीच तक्रार तीनदा नोंदलेल्या सेवापावत्या इथे मोलाच्या ठरतात. प्रसंगी तज्ज्ञाचा किंवा प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. वॉरंटीची भाषाही पाहावी. मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची होती, संपूर्ण गाडीची नव्हे. या कारणाने गाडी बदलून देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये रद्द केला.

त्या कुटुंबाच्या हाती तीन सेवापावत्या होत्या. तिन्हींवर दोष एकच लिहिला होता. त्या आधारावर आम्ही दुसरे पत्र तयार केले. घटनाक्रम तारखांसह सहा ओळींत मांडला आणि मागणी अशी लिहिली :

‘1. फ्रीज परत घेऊन त्याची किंमत 31,500 रुपये, खरेदीच्या तारखेपासून द.सा.द.शे. 9 व्याजासह परत करावी.
2. ते शक्य नसल्यास त्याच क्षमतेचा नवा, निर्दोष फ्रीज द्यावा व त्याची वॉरंटी नव्या तारखेपासून सुरू करावी.
3. वरीलपैकी काहीही केले, तरी वाया गेलेल्या इन्सुलिनचे 2,340 रुपये द्यावेत. बिले जोडली आहेत.
4. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत हे न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू.’

यात ‘ते शक्य नसल्यास’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ‘पैसे द्या, नाहीतर बदलून द्या, नाहीतर दुरुस्त करा’ असे लिहिले असते, तर चौथ्यांदा तंत्रज्ञ आला असता. पर्याय द्यावा, पण क्रमाने द्यावा, आणि जे आपल्याला चालणारच नाही ते त्यात लिहू नये. नव्या वॉरंटीचा उल्लेखही मुद्दाम केला; तो नसता तर नव्या फ्रीजला जुन्याच वॉरंटीची उरलेली मुदत लावली गेली असती.

भरपाईचा आकडा हिशेबातून यावा. पहिल्या मसुद्यात त्या कुटुंबाने मानसिक त्रासापोटी पाच लाख लिहिले होते. वाढीव आकड्याने वजन येते, हा गैरसमज आहे. जिल्हा आयोगाचे अधिकारक्षेत्र आणि फी आता वस्तूसाठी दिलेल्या किमतीवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नव्हे. पाच लाखांपर्यंतच्या किमतीला फी नाहीच. गाझियाबाद विकास प्राधिकरणाच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सांगितले, की सर्वांना सरसकट 18 टक्के व्याज देता येणार नाही. भरपाईचा झालेल्या नुकसानीशी संबंध हवा. त्यामुळे पाच लाखांच्या बेहिशेबी आकड्याशेजारी 2,340 रुपयांचे खरे बिलही संशयास्पद दिसू लागते. मानसिक त्रासाची रक्कम मागता येते, पण वेगळ्या कलमात, माफक आणि कारणासह.

एक मर्यादा आपल्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी हेतूने घेतलेल्या मालाचा खरेदीदार या कायद्यात ‘ग्राहक’ नसतो. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी वस्तू स्वतः वापरणाऱ्याला सूट आहे. मोठ्या भातगिरणीसाठी घेतलेल्या यंत्राचा वाद बहुधा दिवाणी न्यायालयात जाईल. तिथेही मागणी नेमकीच लागते. आणि घरचा फ्रीज दुकानाच्या नावाच्या बिलावर घेतला, तर तो घरचाच होता हे सिद्ध करण्याचे काम वाढते.

दुसऱ्या पत्रानंतर कंपनीने किंमत परत केली नाही. तिने नवा फ्रीज दिला, नवी वॉरंटी लेखी दिली आणि इन्सुलिनचे पैसे दिले. व्याज मिळाले नाही, कारण ते किंमत परत करण्याच्या मागणीला जोडलेले होते. कुटुंबाने पावतीवर ‘मागणी क्रमांक 2 व 3 पूर्ण’ असे लिहून सही केली आणि प्रकरण मिटले.