एक प्रबंध, अनेक फाईली

‘प्रबंध एकाच फाईलमध्ये आणा, तुकडे चालणार नाहीत.’ संशोधन विभागाच्या खिडकीवर ऐकलेलं हे वाक्य माझ्या भाचीला अजून सलतं. नियम शेवटी सादर करायच्या प्रतीपुरता होता, पण तसं कुणी सांगितलं नाही. म्हणून तिने पहिल्या ओळीपासून सगळा प्रबंध एकाच वर्ड फाईलमध्ये लिहिला.

विषय होता वतनांच्या मोडी कागदपत्रांचा. पानोपानी तळटीपा आणि परिशिष्टात अस्सल पत्रांचे मोठे फोटो. एक तळटीप घातली की पुढच्या साऱ्या टिपांचे क्रमांक बदलायचे, पानं सरकायची आणि टाईप केलेलं अक्षर पडद्यावर उमटायला वेळ लागायचा. तिला वाटलं, लॅपटॉप जुना झालाय.

मग एके दिवशी सेव्ह होत असतानाच पेनड्राईव्ह निघाला आणि फाईल उघडेनाशी झाली. हे नीट समजून घ्यायला हवं. `.docx` काय किंवा `.odt` काय, आतून ती झिप असते आणि आत काय कुठे आहे याची यादी फाईलच्या अगदी शेवटी लिहिली जाते. लिहिणं मध्येच तुटलं की ती यादीच राहत नाही. म्हणजे परिशिष्टातल्या एका फोटोची ओळ सुधारताना पहिलं प्रकरणही हातचं जातं. तिच्या ईमेलमध्ये मार्गदर्शकांना पाठवलेली जुनी प्रत सापडली. त्यानंतरचं काम मात्र पुन्हा करावं लागलं.

प्रकरणं वेगळी करायचं ठरलं तेव्हा वर्डमधल्या मास्टर डॉक्युमेंटचा पर्याय पुढे आला. मी त्याला ठाम विरोध केला. वर्डमध्ये मास्टर उघडून थेट प्रकरणांतला मजकूर बदलता येतो आणि तो बदल उपफाईलींत लिहिला जातो. एकाच वेळी अनेक फाईलींवर लिहिणं चालतं, म्हणून ती सोय बिघाडासाठी फार पूर्वीपासून बदनाम आहे. लिबरऑफिस रायटरमध्ये मास्टर, म्हणजे `.odm` फाईल, प्रकरणं फक्त दाखवते. तिथे त्या मजकुरात अक्षरही बदलता येत नाही. नॅव्हिगेटरमधल्या नावावर दोनदा क्लिक केलं की ते प्रकरण स्वतंत्र उघडतं. लोकांना ही अडचण वाटते. माझ्या मते हेच प्रकरणांचं खरं संरक्षण आहे.

तिने जुनी प्रत रायटरमध्ये उघडून `.odt` केली आणि `File > Send > Create Master Document` वापरलं. तुकडे काही पडेनात. कारण प्रकरणांची नावं तिने हाताने ठळक आणि मोठी केली होती. रायटरला ती साधे परिच्छेदच वाटत होती. प्रत्येक नावाला `Heading 1` ही शैली लावल्यावर प्रकरणागणिक फाईल तयार झाली. सगळ्या एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या. अनुक्रमणिका मास्टरमध्येच घातली, कारण सगळे पानक्रमांक तिथेच कळतात.

सगळ्यात जास्त घोळ परस्परसंदर्भांनी घातला. चौथ्या प्रकरणात ‘पाहा, परिशिष्टातील पत्र’ असं लिहून पुढे पानक्रमांक आपोआप यायला हवा होता, पण पत्र दुसऱ्या फाईलमध्ये. परिशिष्टात त्या जागेला `Set Reference` करून `patra12` हे नाव दिलं आणि चौथ्या प्रकरणात `Insert Reference` निवडून तेच नाव हाताने टाईप केलं. तिथे लगेच `Error: Reference source not found` आलं. ती घाबरली आणि तो संदर्भ पुसायला निघाली. पुसायचं नव्हतं: प्रकरण एकटं उघडलं की ही चूक दिसणारच. मास्टर उघडून `Tools > Update > Update All` केल्यावर क्रमांक उमटला. तिथेही चूक दिसली, तरच नावातलं एखादं अक्षर चुकलंय असं समजायचं.

मार्गदर्शकांनी तिसरं प्रकरण तपासून नावापुढे ‘सुधारित’ जोडून परत पाठवलं. मास्टर जुन्याच नावाची फाईल शोधते, त्यामुळे सुधारणा दिसेनात. जुनी प्रत बाजूला ठेवून नव्या फाईलला मूळ नाव दिलं तेव्हा काम झालं.

शेवटी मास्टरमधूनच सलग पीडीएफ निघाली आणि कार्यालयाने ती घेतली. साम्य तपासायला सलग मजकूर लागतो, तेव्हा त्यांची मागणी अवाजवी नव्हती, हे मला मान्य आहे. पण ‘शोधगंगा’वर देशभरचे प्रबंध `01_title.pdf` अशा नावांनी, प्रकरणवार वेगळ्या फाईलींत ठेवलेले दिसतात. भाचीकडेही पुढे तसेच तुकडे मागितले गेले. तिच्याकडे ते तयार होते; खिडकीवरच्या त्या वाक्याचा राग मात्र तिने अजून सोडलेला नाही, आणि मीही तिला सोड म्हणालेलो नाही.