दुकानाच्या दारातला स्वातंत्र्य दिन

ऑगस्टच्या मध्यावर उल्हास नदी दोन्ही काठ भरून वाहत असते आणि तिच्या आसऱ्याने वसलेली तिन्ही शहरं ओली, गजबजलेली असतात. उल्हासनगरात सिंधी घरांतून चालिहोचे उपास चालू असतात, अंबरनाथच्या शिवमंदिरात श्रावणी सोमवारची गर्दी असते, बदलापूर स्टेशनाबाहेर छत्र्यांतून वाट काढत माणसं लोकल गाठत असतात. अशा दिवसांत दुकानांच्या दारांवर तिरंगी पताका लागतात आणि शटरशेजारी किंवा गल्ल्यामागे शुभेच्छांचे दोन शब्द दिसू लागतात. चौकाचौकांतले मोठे फलक निराळे. त्यांच्यावर शुभेच्छा एका ओळीत आटोपते आणि उरलेली जागा शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांनी भरते. दुकानदाराची शुभेच्छा या फलकाच्या वळणावर जाऊ नये, असं माझं म्हणणं आहे. ती कोण देतो, कुठून देतो आणि कोणाला नमस्कार करतो, एवढंच तिने सांगावं. बाकीचं गाळण्यामागे भित्रेपणा नाही. या गावांच्या घडणीतूनच तो संयम आला आहे.

उल्हासनगरात १५ ऑगस्ट एकट्या आनंदाचा दिवस म्हणून आला नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या लोकांना तिथल्या रिकाम्या बराकींत जागा दिली गेली; त्यांची संख्या लाखाच्या घरात होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची पायाभरणी झाली आणि तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. तरी आजही पत्ता विचारला की कॅम्प नंबर एक ते पाच असंच उत्तर मिळतं. ज्यांच्याकडे जमीन नव्हती आणि ओळखही नव्हती, त्यांनी घरात पापड-लोणची केली, फेरीवर माल विकला, कापडाचे आणि फर्निचरचे बाजार उभे केले. इथल्या दुकानदाराच्या घरात स्वातंत्र्य आणि घर सुटणं या दोन्ही गोष्टी एकाच तारखेच्या आसपास येतात. म्हणूनच इथली शुभेच्छा भडक होऊ शकत नाही. आतषबाजीच्या चित्रांत आणि मोठ्या घोषणांत या अनुभवाचा अर्धा भाग मावत नाही.

यावर कोणी म्हणेल की फाळणी हाच राजकारणाचा विषय आहे; मग राजकारण वगळून शुभेच्छा देणं म्हणजे खऱ्या प्रश्नाला बगल देणं नाही का? आक्षेप वजनदार आहे. माणसाने मत बाळगावं, ते मतपेटीत आणि सभेत मांडावं, वर्तमानपत्रात लिहावं; दुकानदारालाही तो हक्क पुरेपूर आहे. पण शुभेच्छा हा मत मांडण्याचा प्रकार नाही. ती समोर येणाऱ्या प्रत्येकाला उद्देशून असते, आणि या तीन शहरांत समोर येणारा कोणीही असू शकतो: सिंधी आजी, अंबरनाथच्या आयुध निर्माणीत नोकरीनिमित्त परप्रांतातून आलेलं कुटुंब, परवडणारं घर शोधत मुंबईहून बदलापुरात आलेले नवे शेजारी, आणि या सगळ्यांच्या आधीपासून इथे शेती करणारे आगरी, कोळी, आदिवासी. यांतल्या एकालाही ‘ही शुभेच्छा माझ्यासाठी नाही’ असं वाटलं तर ती तिथेच फसली. फाळणीचं दुःख तिच्यात येऊ शकतं, यायलाही हवं; मात्र दोष कोणाचा याचा निवाडा तिच्यात नको.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. दुकानाची शुभेच्छा म्हणजे शेवटी जाहिरातच, तिच्यातली देशभक्ती कशी खरी मानायची? याचं उत्तर ध्वजाच्या नियमांत सापडतं, कारण जाहिरात कुठे सुरू होते ते कायद्यानेच दाखवलं आहे. बोधचिन्हे आणि नावे यांचा गैरवापर रोखणारा १९५० चा कायदा राष्ट्रध्वज व्यापारासाठी वापरायला मनाई करतो, आणि २६ जानेवारी २००२ पासून लागू असलेली ध्वजसंहिता सांगते की ध्वजावर कोणतीही अक्षरं नसावीत. आता नेहमी दिसणारी पाटी डोळ्यांसमोर आणा. फडकता तिरंगा, त्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर दुकानाचं नाव, हिरव्या पट्ट्यावर फोन नंबर आणि कोपऱ्यात सवलतीचा टक्का. करणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण ध्वज इथे जाहिरातीचा कागद झालेला असतो. दुरुस्ती सोपी आहे. ध्वजाचं चित्र वर, मोकळं ठेवावं. लांबी-रुंदीचं प्रमाण तीनास दोन, केशरी पट्टा वर, अशोकचक्र निळं आणि चोवीस आऱ्यांचं. मजकूर खाली, वेगळ्या जागेत. दुकानाचं नाव सही करावी तसं शेवटी, लहान अक्षरांत. सवलत द्यायचीच असेल तर तिची पाटी वेगळी आणि दुसऱ्या दिवशी लावावी. एवढं पाळलं की शुभेच्छा आणि जाहिरात यांतलं अंतर पाहणाऱ्यालाही कळतं.

आकड्याचीही एक चूक दरवर्षी होते. १९४७ चा १५ ऑगस्ट हा पहिला स्वातंत्र्य दिन धरला, तर २०२२ चा शहात्तरावा येतो. पूर्ण झाली ती पंचाहत्तर वर्षं. कितवा दिन आणि किती वर्षं यांची गल्लत टाळायची असेल तर आकडा न घालणंच बरं. इथल्या दुकानासाठी मजकूर साधारण असा पुरेल: ‘सर्वांना स्वातंत्र्य दिनाच्या मनापासून शुभेच्छा. जे घर सोडून इथे आले आणि जे आधीपासून इथे होते, त्या सगळ्यांनी मिळून हा बाजार उभा केला. त्यांना नमस्कार. आज ध्वजवंदनानंतर अकरा वाजता दुकान उघडेल.’ यात कोणाचा फोटो नाही, पक्षाचा रंग नाही, कोणाला टोमणा नाही. तरीही ही शुभेच्छा दुसऱ्या कुठल्या गावाला जशीच्या तशी चालणार नाही, कारण दुसरं वाक्य इथलं आहे. शेवटची सूचना साधी आहे, पण दुकान हे रोज वेळेवर उघडून लोकांचं काम करणारं ठिकाण आहे, हे तिच्यातूनच कळतं.

देशभक्तीची खरी कसोटी मात्र १६ ऑगस्टला लागते. पावसात भिजलेले कागदी झेंडे रस्त्यावर आणि गटाराच्या कडेला पडलेले दिसतात. कागदी ध्वज जमिनीवर टाकू नयेत, त्यांची विल्हेवाट खाजगीत, सन्मानाने लावावी, असं ध्वजसंहिता सांगते. सरकारी माणसाची वाट न पाहता आपल्या ओट्यासमोरचे झेंडे गोळा करणं हे कोणत्याही दुकानदाराच्या हातातलं काम आहे. दारात एक रिकामा खोका ठेवला आणि ‘झेंडे इथे जमा करा’ अशी चिठ्ठी लावली, तरी गल्लीतली मुलं उरलेलं काम करतात. आदल्या दिवशी लिहिलेल्या शुभेच्छेला या कामाने वजन येतं. ज्या शहराची सुरुवात रिकाम्या बराकींतून झाली, त्या शहरात देशावरचं प्रेम बोलण्यापेक्षा उभारण्यात आणि निगा राखण्यात दिसलं आहे. दुकानदाराने शुभेच्छा थोडक्यात द्यावी ती याच कारणासाठी.